‘काही लागलं तर सांग’ऐवजी: गुरुवारचे तीन तास

माझे वडील आजारी होते त्या आठ महिन्यांत ‘काही लागलं तर सांग’ हे मी किती जणांच्या तोंडून ऐकलं याची गणतीच नाही. सगळे मनापासून म्हणत होते आणि मी त्यातल्या कुणालाही काही सांगितलं नाही. काही लागत नव्हतं असं नाही, रोजच काहीतरी लागत होतं. पण रात्री अकराला बाबांची कूस बदलून झाली की उद्या कुणाला काय सांगावं हे ठरवण्याइतकी ताकदच उरायची नाही.

एका सहकारी मैत्रिणीचा निरोप मात्र वेगळा होता. तिने लिहिलं, ‘शनिवारी सकाळी दहाला मी औषधांच्या दुकानात जाणार आहे. चिठ्ठीचा फोटो पाठव, तुझीही औषधं घेऊन येते. नाही पाठवलास तरी हरकत नाही.’ मी उभ्या उभ्या फोटो पाठवला. त्या आठ महिन्यांत बाहेरच्या माणसाकडून मी घेतलेली ती पहिली मदत.

पुढे काही वर्षांनी माझ्या एका जवळच्या मैत्रिणीच्या आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळायला लागलं, गिळायला त्रास होऊ लागला. तीन आठवड्यांनी काकूंना घरी आणलं आणि सगळा भार मैत्रिणीवर आला. तेव्हा मी काय केलं, कोणत्या क्रमाने केलं आणि कुठे चुकले, ते इथे सविस्तर लिहिते आहे. आजार वेगळा असेल तर बारकावे बदलतील, पण क्रम बहुतेक हाच राहील.

ते वाक्य अडतं कुठे

‘काही लागलं तर सांग’ला उत्तर द्यायचं तर आधी आपल्याला काय हवंय हे शोधावं लागतं. मग त्यातलं कोणतं काम दुसऱ्यावर सोपवण्याजोगं आहे ते ठरवायचं, ते कुणाला जमेल याचा अंदाज घ्यायचा, त्या माणसाला वेळ असेल का याची चिंता करायची आणि शेवटी संकोच गिळून तोंड उघडायचं. म्हणजे मदत मागणं हेच एक जादा काम होऊन बसतं, आणि ते पडतं आधीच दमलेल्या माणसाच्या अंगावर. यातला जितका भाग आपण आपल्याकडे घेऊ तितकी समोरच्याला मदत घेणं सोपं जातं.

काय हवंय ते न विचारता कसं कळतं

मी एक कागद घेतला आणि मैत्रिणीचा एक दिवस तासातासाने लिहून काढला. सकाळची औषधं, तोंड धुणं, अंग पुसणं, कपडे, भरवणं, व्यायाम घ्यायला येणारे फिजिओथेरपिस्ट, दर दोन तासांनी कूस बदलणं, मधेच ऑफिसचे फोन, रात्रीतून दोन-तीनदा उठणं. जे माहीत नव्हतं तिथे प्रश्नचिन्ह टाकलं. नुसतं लिहितानाच लक्षात आलं की हिला घराबाहेर पडायला एकसलग दीड तासही मिळत नाही.

मग त्या कामांची मनात विभागणी केली. अंघोळ, डायपर, जखम असेल तर तिची साफसफाई ही शरीराची कामं घरच्यांकडे किंवा पगारी मदतनीसाकडेच राहिलेली बरी. आजारी माणसाच्या लाजेचा आणि मानाचा प्रश्न असतो. औषधं आणणं, रिपोर्ट घेणं, भाड्याची चाकाची खुर्ची शोधणं ही घराबाहेरची कामं कुणालाही करता येतात. उरतं ते कामांच्या यादीत कधीच न लिहिलं जाणारं: कुणीतरी जबाबदार माणूस घरात असणं, म्हणजे मैत्रिणीला दार ओढून निघता यावं.

आणखी एक खूण सांगते. सांभाळणारा माणूस मदत मागत नाही, पण बोलता बोलता ‘राहूनच गेलं’ असं म्हणतो. मैत्रीण फोनवर दोनदा म्हणाली होती, ‘दाढ ठणकतेय, पण डॉक्टरकडे जायचं राहूनच गेलंय.’ हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबावं. मदत कुठे करायची याचा पत्ता बहुतेक वेळा त्यातच मिळतो.

निरोप कसा लिहायचा

मी तिला हे लिहिलं:

‘अगं, गुरुवारी दुपारी दोन ते पाच मी काकूंजवळ बसायला येऊ का? तेवढ्यात तू दाढ दाखवून ये, नाहीतर नुसती झोप काढ. त्याआधी मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला अर्धा तास येते आणि तू काय काय करतेस ते बघून ठेवते. माझ्यासाठी काही करून ठेवू नकोस, गप्पा मारायलाही थांबू नकोस. पुढचे सहा गुरुवार मला जमणार आहेत. नको असेल तर नुसतं नको म्हण, कारण सांगू नकोस.’

साधाच निरोप आहे, पण त्यातलं प्रत्येक वाक्य विचार करून घातलं होतं. काम आणि वेळ मी ठरवून दिली, त्यामुळे तिला फक्त हो किंवा नाही म्हणायचं होतं. मंगळवारची भेट घातली, कारण ‘हिला आईचं काही माहीत नाही’ ही पहिली भीती तिच्या मनात येणारच होती. पाहुणचार नको हे स्पष्ट लिहिलं. ते लिहिलं नाही तर ती आधी घर आवरत बसते आणि आपली मदत तिला आणखी दमवते.

सहा गुरुवारांचा आकडाही मुद्दाम दिला. ‘कधीही हाक मार’ यावर भार टाकायची कुणाचीच हिंमत होत नाही. एकदाच येऊन भागणारही नव्हतं, कारण दाढेचं रूट कॅनल बऱ्याचदा एका भेटीत उरकत नाही. सहा आठवडे म्हटलं की पुढच्या वेळा घेऊन ठेवता येतात. आणि आपल्यालाही प्रामाणिकपणे पाळता येईल एवढाच शब्द दिला जातो. सहा जमणार नसतील तर दोन लिहा, पण ते दोन मोडू नका.

पर्याय द्यायचेच असतील तर दोन द्या. ‘गुरुवार दुपार की रविवार सकाळ?’ एवढं पुरे. मी हे करू शकते, तेही करू शकते, अशी दहा कामांची यादी पाठवली तर निवडायचं ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर जातं.

दुसऱ्या गावात राहणाऱ्याला बसायला येता येत नाही, पण कागदांचं काम दुरूनही होतं. आमच्या एका मित्राने लिहिलं, ‘विम्याच्या दाव्याची बिलं तू नुसते फोटो काढून पाठव. तारखेने लावणं, यादी करणं, अर्ज भरणं मी करतो. तू शेवटी वाचून सही कर.’ तिच्या डोक्यावरचं मोठं ओझं त्यामुळे उतरलं. फक्त बँकेचे पासवर्ड आणि ओटीपी मागू नयेत, आणि तिने देऊ केले तरी घेऊ नयेत.

‘बघू’ असं उत्तर आलं तर

मैत्रिणीचं उत्तर आलं, ‘बघू गं.’ मला ते अपेक्षितच होतं. दमलेल्या माणसाचं ‘बघू’ म्हणजे नकार असतोच असं नाही, बऱ्याचदा ठरवायला त्राण नसतं एवढंच. मी लिहिलं, ‘बरं. मंगळवारी फक्त काकूंना भेटायला येते, गुरुवारचं तेव्हा बघू.’ मोठं पाऊल जड वाटत असेल तर त्यातलं छोटं पाऊल पुढे करायचं.

स्वच्छ ‘नको’ आलं तर मात्र ‘का नको?’ विचारू नये. कारणं बरीच असतात आणि ती सांगण्यासारखी नसतात. आजारी माणसाला परकं कुणी नको असतं, भावंडांत आधीच कुरबुर चाललेली असते, नाहीतर घराची अवस्था दाखवायची लाज वाटते. दहा-बारा दिवस जाऊ द्यावेत आणि मग घराबाहेरचं एखादं छोटं काम विचारावं. तेही नको झालं तर तिसऱ्यांदा काही न मागता केवळ ख्यालीखुशालीचा निरोप पाठवावा आणि त्याखाली ‘उत्तर नको’ असं लिहावं.

न सांगता दारात जाऊन उभं राहू नये. आईला नुकती झोप लागलेली असते, मैत्रीण स्वतः तासभर आडवी झालेली असते आणि आपण घंटी वाजवतो. प्रेमापोटी केलेली ही चूक घरोघरी होते.

मंगळवारचा अर्धा तास

ही भेट वगळली तर गुरुवार धड होत नाही, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

पहिली गोष्ट, परवानगी काकूंची. मी त्यांच्या डाव्या बाजूला, त्यांना दिसेल अशी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, ‘काकू, गुरुवारी दुपारी मी तुमच्याजवळ बसले तर चालेल?’ त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात किंचित उचलला. मैत्रीण म्हणाली, ‘हे हो आहे.’ शब्द फुटत नसले तरी समजत असतं. पक्षाघातानंतर पुष्कळदा असंच होतं, बोलणं अडतं पण समज त्यापेक्षा खूप चांगली असते. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी ‘ही, ती’ करत बोलू नये.

मग मैत्रिणीला जे रोज करते ते माझ्यासमोर करायला सांगितलं आणि मी एका कागदावर लिहीत गेले. कागदावर आलं ते असं. मैत्रिणीचा, डॉक्टरांचा आणि रुग्णवाहिकेचा नंबर. कोणती औषधं चालू आहेत, त्यात रक्त पातळ करणारं आहे का, आणि दोन ते पाचच्या मधे एखादी गोळी येते का. येत नव्हती, आणि ते बरंच झालं. नवख्या माणसाकडे औषध देण्याचं काम शक्यतो ठेवू नये, वेळ मागेपुढे करता येते का ते डॉक्टरांना विचारावं. शेवटी मी विचारलं, ‘काकूंनी काय केलं की तू घाबरतेस? आणि काय केलं तरी घाबरायचं कारण नाही?’ या दुसऱ्या प्रश्नाचा उपयोग मला सगळ्यात जास्त झाला. काकू मधेच विनाकारण रडतात, पक्षाघातानंतर तसं होतं, हात धरून बसलं की शांत होतात, हे मला त्यातून कळलं. नाहीतर पहिल्याच गुरुवारी मी घाबरून तिला परत बोलावलं असतं.

प्रत्यक्ष शिकून घेतल्या त्या चार गोष्टी.

पाणी. काकूंना पातळ पाणी चालत नव्हतं. गिळण्याचे स्नायू मंदावले की पातळ पदार्थ झरकन घशात उतरतो आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरू शकतो. स्पीच थेरपिस्टने पाण्यात घट्टपणा आणणारी पावडर किती घालायची ते मापून दिलं होतं. पाठ सरळ उभी, हनुवटी वर उचललेली नाही, एका वेळी छोटा चमचा, आणि तो गिळला गेल्याचं पाहून मगच पुढचा. खाणं-पिणं झाल्यावर निदान अर्धा तास बसतंच ठेवायचं, लगेच आडवं करायचं नाही.

कूस. एकाच जागी पडून राहिलं की माकडहाड, टाचा, खुबा या हाडांवरच्या त्वचेवर सतत दाब येतो आणि तिथला रक्तपुरवठा अडतो. बेडसोरची सुरुवात तिथून होते. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. बदलताना त्या जागा बघायच्या. लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबून उचलायचं. क्षणभर फिका पडला तर दाब हलवला की बहुधा ठीक होतं, फिका न पडता तसाच लाल राहिला तर ते मैत्रिणीला सांगायचं. सावळ्या अंगावर लाली दिसतेच असं नाही, तिथे हाताला भोवतालपेक्षा ऊन किंवा टणक लागतं का ते पाहायचं. त्या जागी चोळायचं मात्र नाही, नाजूक झालेली त्वचा चोळण्याने आणखी दुखावते.

लुळा हात. त्याला धरून कधीही ओढायचं नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा जागचा सरकू शकतो आणि त्याचं दुखणं महिनोन् महिने पुरतं. हात लोंबकळू न देता उशीवर ठेवायचा.

बोलणं. एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीत उत्तर देता येईल असा. विचारून झालं की मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प राहायचं. हे दहा अंक फार लांब वाटतात, पण काकूंचं उत्तर बऱ्याचदा सातव्या-आठव्या अंकाला यायचं. तोंडून ‘हो’ आलं आणि चेहरा ‘नाही’ म्हणत असेल तर वस्तू दाखवून पुन्हा विचारायचं, कारण या आजारात हो-नाहीची अदलाबदल होते.

पलंगावरून खुर्चीत बसवणं मी शिकले नाही. त्याला दोन माणसं लागत होती आणि ते फिजिओथेरपिस्टकडूनच शिकायला हवं होतं. माझ्या वेळेत काकूंना उठवायचं नाही, असं आम्ही ठरवलं. मैत्रीण जाण्याआधी डायपर बदलेल, आल्यावर बघेल, आणि मधेच गरज पडली तर शेजारच्या मावशींना बोलवायचं. त्यांना हे काम येत होतं आणि काकूंना त्यांची सवय होती. आपण काय करणार नाही हे आधी बोलून घेतलं की वेळेवर धांदल होत नाही.

गुरुवार

दोनला पोचले. मैत्रीण तयार होती, तरी दारात घुटमळत राहिली. आईची चादर नीट कर, खिडकी लाव, पुन्हा ये. शेवटी मी म्हटलं, ‘तू आता नीघ. बरोबर तीनला मी फोटो पाठवते, त्याआधी फोन करू नकोस.’ दोन वीसला ती गेली. पहिल्या वेळी हे होणारच, म्हणून डॉक्टरांची वेळ तीनची घेतली होती. अडीचची घेतली असती तर चुकली असती.

तीनला कूस बदलली, उशा लावल्या, वेळ वहीत लिहिली आणि काकूंचा उशीवर टेकलेला चेहरा फोटोत पाठवला. फोटो काढण्याआधी त्यांना विचारलं. साडेतीनला बसतं करून पाणी. मधल्या वेळात मी वर्तमानपत्रातल्या बातम्या मोठ्याने वाचत होते आणि त्यांना कंटाळा आला की त्या डोळे मिटून घेत, मग मीही थांबत असे. सारखं काहीतरी करत राहायची गरज नसते. खोलीत कुणीतरी जागं, लक्ष ठेवून बसलंय, एवढं त्यांना पुरत होतं.

चूक झाली ती दुसऱ्या गुरुवारी. पावडर घालून पाणी ढवळलं, पण ती मुरायला दोन-तीन मिनिटं लागतात हे विसरून लगेच चमचा दिला. काकूंना ठसका लागला आणि त्यानंतर त्यांचा आवाज ओला, घोगरा, घशात पाणी अडकल्यासारखा येऊ लागला. पाणी चुकीच्या वाटेने गेल्याची हीच खूण. मी पाणी थांबवलं, त्यांना ताठ बसवून किंचित पुढे झुकवलं, खोकू दिलं. पाठीवर थापा मारल्या नाहीत. दोन-तीन मिनिटांत आवाज मोकळा झाला. मग मैत्रिणीला फोन करून जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. तिने डॉक्टरांना विचारलं. पुढचे दोन-तीन दिवस ताप, धाप किंवा छातीत घरघर होते का बघायला त्यांनी सांगितलं, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. काही झालं नाही. पण मी ते लपवलं असतं आणि शुक्रवारी ताप आला असता तर तो कशाचा हे कुणालाच कळलं नसतं. आपली चूक सांगायला लाज वाटते, मलाही वाटली, तरीही ती लगेच सांगायचीच.

तीन प्रसंगांत मैत्रिणीला विचारत बसायचं नाही, असं आमचं ठरलेलं होतं. चेहऱ्याची एक बाजू नव्याने ओघळली, आतापर्यंत चांगला असलेला हात-पाय गळाला किंवा बोलणं अचानक आणखी बिघडलं, तर आधी रुग्णवाहिका आणि मग मैत्रीण. तोंडाने पाणी किंवा गोळी काही द्यायचं नाही. आणि शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ लिहून ठेवायची, कारण दवाखान्यात पहिला प्रश्न तोच येतो. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध त्या वेळेपासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि कुणाला द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. दुसरा प्रसंग, गुदमरून आवाजच न फुटणं किंवा श्वास लागणं. तिसरा, पडणं. पडलेल्या माणसाला ओढून उभं करायचं नाही, आहे तिथे उशी देऊन मदत बोलवायची. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना डोकं आपटलं असेल तर माणूस कितीही ठीक दिसला तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

पाच वाजता

पहिल्या गुरुवारी ती परत आल्यावर मी वही पुढे केली. तीनला डाव्या कुशीवर. साडेतीनला पाणी, अर्धी वाटी, ठसका नाही. चारला रडल्या, पाच मिनिटांत शांत. पाचला पाठीवर, टाचा ठीक. चार ओळी. ‘सगळं छान झालं’ असं नुसतं तोंडी सांगितलं तर तिला पुन्हा प्रश्न विचारून माहिती काढावी लागते. लिहिलेलं असलं की ती एका नजरेत वाचते आणि तिथून पुढे सुरू करते.

ती कुठे गेली होती, काय केलं, हे मी विचारलं नाही. चौथ्या गुरुवारी ती कुठेच गेली नाही, आतल्या खोलीत तीन तास झोपली. त्या तीन तासांचा हिशोब आपण मागायचा नसतो.

सल्ले मी दिले नाहीत. अमक्याला तमक्या उपचाराने गुण आला हे तिला रोज दहा जण सांगत होते आणि प्रत्येकाला नम्रपणे उत्तर देणं हे तिचं आणखी एक काम होऊन बसलं होतं. मलाही काकूंना तसं पाहून वडील आठवायचे आणि घरी जाताना रडू यायचं. ते मी बहिणीपाशी बोलले, मैत्रिणीपाशी नाही. सुसान सिल्क आणि बॅरी गोल्डमन यांनी 2013 साली एका वर्तमानपत्रातल्या लेखात यासाठी वर्तुळांची कल्पना मांडली होती. मध्यभागी आजारी माणूस, त्याभोवती सगळ्यात जवळचे, त्याबाहेर आपल्यासारखे. आतल्या वर्तुळाकडे फक्त आधार द्यायचा, आपलं दुःख आणि तक्रार बाहेरच्या वर्तुळाकडे न्यायची. मैत्रिणीने माझ्यापाशी रडावं, मी तिच्यापाशी नाही.

आणखी माणसं असतील तर

तिसऱ्या आठवड्यात आणखी तिघांनी ‘आम्ही काय करू?’ असं विचारलं. त्यांना मी मैत्रिणीकडे जाऊ दिलं नाही, माझ्याकडे वळवलं. ग्रुप केला, पण मैत्रिणीला त्यात घेतलं नाही. घेतलं असतं तर रोजच्या तीस निरोपांना उत्तर द्यायची जबाबदारी तिच्यावर आली असती. प्रत्येकाला एकच काम आणि एकच वार दिला. एकजण सोमवारी औषधं आणणार, एकजण तपासणीच्या दिवशी गाडी घेऊन येणार आणि दवाखान्यात गाडीपाशी थांबणार, एकजण रविवारी रात्रीचा डबा दाराबाहेर ठेवून घंटी न वाजवता जाणार. काकूंना काय चालतं ते मात्र मीच विचारून कळवलं, कारण गिळायचा त्रास असलेल्या माणसासाठी प्रेमाने आणलेला पदार्थही घातक ठरू शकतो. तब्येतीची बातमी आठवड्यातून एकदा, मैत्रिणीने चालेल म्हटलेल्या शब्दांतच, मी ग्रुपवर टाकत असे.

कुणाला जमणार नसेल तर त्याने आदल्या दिवशी मला सांगायचं आणि बदली मी शोधायची, हे सुरुवातीलाच पक्कं केलं. एकदा सोमवारची औषधं आली नाहीत आणि ते मैत्रिणीला रात्री आठला कळलं. ठरलेली मदत ऐनवेळी न येणं हे मदत नसण्यापेक्षा वाईट, कारण तिने दुसरी सोयच केलेली नसते. त्यानंतर औषधं संपायच्या तीन दिवस आधीच आणायची, असं ठरवलं.

गर्दी पहिल्या पंधरवड्यात होते आणि मग ओसरते. काळजी घेणाऱ्याची दमछाक मात्र त्यानंतर वाढते, कारण रजा संपलेली असते, पैसा आटत असतो आणि ‘आता बरं असेल’ असं सगळ्यांनी धरलेलं असतं. म्हणून ज्यांना सुरुवातीला जमत नाही त्यांना मी सांगते, तिसऱ्या महिन्यातल्या तारखा घ्या आणि आताच स्वतःच्या फोनमध्ये आठवण लावून ठेवा.

सहावा गुरुवार

पाचव्या गुरुवारी निघताना मी म्हटलं, ‘पुढचा ठरलेला शेवटचा. त्यानंतरचे चार मला जमतील, पण वेळ बदलायची असेल तर बदलू. उत्तर रविवारपर्यंत दे, नाही आलं तर आहे तसंच चालू ठेवते.’ तिला आठवण करून द्यायला लागू नये आणि मला न विचारता गृहीतही धरलं जाऊ नये, यासाठी ही मुदत.

रविवारी संध्याकाळी तिचा निरोप आला. ‘दाढ झाली. आता गुरुवारी चारला फिजिओ येणार आहेत, आईला उभं करून बघायचं म्हणतात. दुसरं माणूस लागेल. तू तीनला येऊन सहापर्यंत थांबशील का? आणि येताना पावडरचा एक डबा आण, संपत आलाय.’

मी डबा घेऊन तीनला पोचले.